दुधी काच आणि शेजारची गच्ची

बोईसरला स्टेशनकडून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं काच आणि अ‍ॅल्युमिनियमचं दुकान आहे. नवरा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौकटींचे सेक्शन कापतो, खिडक्या जोडतो. मी पुढे काउंटरवर असते. लग्न होऊन आले तेव्हा मला काचेतलं काही कळत नव्हतं. आता गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच त्याला कुठल्या खोलीची काच हवी आहे हे मी ओळखते.

हॉलच्या खिडकीसाठी आलेला माणूस रस्त्यावरूनच मोठ्याने बोलायला लागतो. बाथरूमवाला तसा नसतो. तो आधी आरसे बघतो. मग टीपॉयच्या काचेची चौकशी करतो. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत उगाच मोबाईल चाळतो, आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "ती… लहान खोलीची काच असते ना…" एका गृहस्थांनी तर मला हातवारे करून सांगितलं होतं. मला वाटलं त्यांना बोलता येत नाही, म्हणून मीही हातवारेच केले. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बोलत होतो. शेवटी त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "मॅडम, मराठी समजतं का?"

त्यामुळे नवापूरची ती बाई दुकानात आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "बाय, माझ्या नवऱ्याला काल आख्ख्या आळीनं उघडा बगितला, आता काय ती काच दे," तेव्हा मी एकदम खुर्चीवरून उठले.

ती नवरदेवाची आई होती. मुलाचं लग्न ठरलं होतं. सून बोईसरची, इथल्याच एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला विचारलं होतं, तुझी काही अपेक्षा आहे का? सगळ्यांना वाटलं ती नोकरीचं काहीतरी बोलेल. तर ती म्हणाली, "बाथरूममध्ये उजेड पाहिजे." भाड्याच्या खोलीत वाढलेली पोरगी. तिथली न्हाणी दिवसाही अंधारी, झुरळ अंगावर चढल्यावरच कळायचं. नवरदेवाच्या आईला ही मागणी एवढी आवडली की घराला मागच्या बाजूने नवीन बाथरूम बांधायला काढलं आणि त्याला दिवाणखान्याला शोभेल एवढी खिडकी ठेवली.

"खिडकीला काच कुठली बसवलीत?" मी विचारलं.

"साधी. पन् त्यावर ह्यांनी ती आरशाची फिल्म चिकटवली. म्हनले, आपल्याला भायेरचं दिसेल, भायेरच्याला फकस्त आपलं तोंड दिसेल."

"मग?"

मग दिवसा सगळं तसंच झालं होतं. बाहेरून बघितलं तर खिडकी म्हणजे लख्ख आरसा. शेजारच्या काकी रोज त्यांच्या गच्चीवर जवळा आणि मांदेली सुकत घालायच्या आणि छत्री उघडून कावळ्यांची राखण करत बसायच्या. त्यांचं तर कामच हलकं झालं, कारण कावळे सुकी मासळी सोडून त्या आरशातल्या कावळ्यांशी भांडायला जायला लागले. बांधकामापासून या दोन घरांचं बोलणं बंद होतं. बाथरूमच्या भिंतीने गच्चीचा वारा अडवला, असं काकींचं म्हणणं होतं. पण आरसा बघून काकीही जरा नरमल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी नवरदेवाचे वडील बोटीवरून आले, अंगाला डिझेलचा वास म्हणून नव्या बाथरूममध्ये शिरले, बल्ब लावला आणि निवांत अंघोळ करत बसले. बाहेर अंधार पडत होता. थोड्या वेळाने गच्चीवरून काकींचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी त्या या घराशी पहिलं वाक्य बोलल्या.

"भाऊ, पाठीला साबन राहिलाय!"

दुकानातली गिऱ्हाइकं आता आपापली कामं विसरून ऐकत होती. नवरदेवाची आई माझ्याकडे बघत होती, जणू ती फिल्म मीच बनवली होती.

मी तिला समजावलं. ती फिल्म खोटी नव्हती, पण तिला फक्त एकच गोष्ट कळते, कुठल्या बाजूला उजेड जास्त आहे. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला आरसा दिसतो. ज्या बाजूला कमी, त्याला आरपार दिसतं. दिवसा ऊन बाहेर असतं म्हणून बाहेर आरसा. संध्याकाळी आत बल्ब लागला आणि बाहेर अंधार झाला की सगळं उलटं.

"म्हनजे त्यांना त्या टायमाला आतून काय दिसत होतं?"

"आरसा. स्वतःचंच तोंड."

"तरीच," ती म्हणाली, "भांग पाडत बसलेले."

माप तिने नायलॉनच्या दोरीला गाठी मारून आणलं होतं. एक गाठ रुंदीची, एक उंचीची. पण गच्ची किती उंच, बोळ किती रुंद हे दोरीत येत नाही, म्हणून दुकान बंद असतं त्या दिवशी नवरा आणि मी दोघंही स्कूटरवरून नवापूरला गेलो. मला जायची गरज नव्हती. पण मला ती गच्ची बघायची होती.

बाथरूम छानच बांधलं होतं. फिकट निळ्या टाइल्स, स्टीलचा नळ, आणि समोर ती खिडकी. खिडकीबाहेर हात लांब केला तर काकींची भिंत लागेल एवढाच बोळ, आणि त्या भिंतीवर गच्ची. गच्चीच्या कठड्याशी काळी छत्री, छत्रीखाली काकी, हातात काठी. आमच्याकडे नाही, मासळीकडे बघत होत्या, आणि तसं आम्हाला दिसावं याची काळजी घेत होत्या.

नवऱ्याने टेप लावला आणि म्हणाला, "मावशी, खालचा भाग विटांनी बंद करू. वरती छताजवळ आडवा व्हेंटिलेटर ठेवू. बोळातून जाणाऱ्याला काही दिसणार नाही."

"बोळातून कोन जातंय? मांजर," नवरदेवाची आई म्हणाली. "मांजराला मी कंदी घाबरले?"

तिचं खरं होतं. साधारण घरांना व्हेंटिलेटर वर घेतला की प्रश्न मिटतो, कारण बघणारा खाली असतो आणि त्याला फार तर छत दिसतं. इथे बघणारी वर बसली होती. उंचावरच्या मोकळ्या झरोक्यातून तिची नजर तिरकी खाली उतरली असती ती थेट पाटावर. शिवाय सुनेला खिडकी कबूल केलेली, ती बुजवून झरोका करणं म्हणजे शब्द मोडणं.

शेवटी ठरलं ते असं. खालच्या भागाला दुधी काच, न उघडणारी. तिच्यातून उजेड येतो पण पसरून येतो, पलीकडचं काही ओळखू येत नाही. वरच्या भागाला काचेच्या तिरक्या पट्ट्यांची चौकट, म्हणजे लूव्हर, तीही दुधीच. वाफ आणि कोंदट हवा तिथून बाहेर जाईल.

दुधी काच बसवायला नवरा पुढच्या आठवड्यात गेला, तेव्हाही मी बरोबर होते. काच कशी बसवायची यात एक खुबी आहे, आणि ती मी नवरदेवाच्या आईला दाखवली. वाळूचा फवारा मारून केलेल्या दुधी काचेची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. काच भिंतीला टेकवलेली होती. मी तिला म्हटलं, हात ओला करून खरखरीत बाजूवर ठेवा. तिने ठेवला आणि उचलला. काचेवर तिच्या तळव्याएवढी जागा पारदर्शक झाली, पाच बोटांसकट, आणि त्यातून भिंतीवरची पाल स्पष्ट दिसायला लागली.

"आगं बाय!"

"पाणी खरखरीत खाचांत भरलं की काच साधी होते. वाळली की परत दुधी. म्हणून अंघोळीचं पाणी उडतं त्या बाजूला गुळगुळीत अंग ठेवायचं, खरखरीत बाहेर, छज्ज्याखाली."

तिने मग नवऱ्याला बोलावून हात ओला करायला लावला, दिराला बोलावलं, चहा घेऊन आलेल्या जावेला बोलावलं. काच बसेपर्यंत तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे पंजे उमटून वाळले होते. गच्चीवर काकी मान लांब करून बघत होत्या. त्यांनाही हात लावून बघायचा होता हे माझ्या लक्षात आलं, पण बोलणं बंद होतं. साबणाचं ते एक वाक्य अपवाद धरलं होतं.

पट्ट्यांची चौकट अजून तयार नव्हती. ती नंतर ओळखीच्या टेम्पोतून नवापूरला पाठवली. नवऱ्याने चौकटीच्या एका अंगाला मार्करने मोठ्या अक्षरात 'बाहेर' लिहिलं आणि फोन करून सांगितलं, रविवारी येऊन मी बसवतो, तोवर तशीच ठेवा.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर चौकट बसवलेली.

नवरदेवाचे वडील दारातच उभे होते, नवा टी-शर्ट घालून, परीक्षेत पास झालेल्या मुलासारखे. फिल्मचा कलंक त्यांना स्वतःच्या हाताने पुसायचा होता. मुलीकडची माणसं त्याच दुपारी घर बघायला येणार होती, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी गवंड्याला धरून काम उरकलं होतं.

"बगा, तुमचा हेलपाटा वाचवला," ते म्हणाले.

नवऱ्याने बाथरूममध्ये जाऊन वर बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढला.

"काय झालं?"

"उलटी बसली. पट्ट्यांची बाहेरची कड खाली पाहिजे. तुम्ही वर ठेवली. मी लिहिलं होतं ना, बाहेर?"

"ते होय! ते मी रॉकेलनं पुसून काडलं. लगीनघर हाय, काचेवर लिवलेलं बरं नाय दिसत." आणि मग ते आम्हालाच समजवायला लागले. "पन् भाऊ, तुमीच उलटं सांगता. उजेड कुठून येतो? वरून. मंग पट्टी आत उतरती पायजे. म्हनजे उजेड कसा, घसरत घसरत आत येईल."

हे त्यांनी हाताने घसरगुंडी करून इतकं सुंदर दाखवलं की मला क्षणभर पटलंच. नवराही घोटाळला. तो काम बरोबर करतो, पण वाद त्याला जमत नाही. तो नुसतं "नाही ओ, पाणी… नाही ओ" करत राहिला.

निकाल वरून लागला.

"लाल टमरेल," गच्चीवरून आवाज आला.

आम्ही सगळे खिडकीकडे वळलो.

"लाल टमरेल हाय. त्याच्या बाजूला बादली. बादलीत पानी अर्धंच हाय. साबनाची वडी फुटलेली." काकी कठड्याला रेलून एकेक जिन्नस सांगत होत्या. "भाऊचे दोन पाय. उजव्या अंगठ्याचं नख वाढलंय."

नवरदेवाच्या वडिलांनी अंगठा आत ओढला.

"बगितलं?" नवरदेवाची आई नवऱ्यावर ओरडली. "उजेड घसरत आला का ते म्हायती नाय, काकी मात्र घसरत आली!"

पण ते हटेनात. म्हणाले, काकी मुद्दाम बोलते, पायाचं नख कुनालाही आंदाजानं सांगता येतं. तेव्हा काकींनी छत्री बाजूला ठेवली, मासळी धुतलेल्या पाण्याची बादली उचलली, आणि कोणी काही म्हणायच्या आत समोरच्या पट्ट्यांवर ओतली. पाणी पट्ट्यापट्ट्यांवरून शिस्तीत आत उतरलं आणि नवरदेवाच्या वडिलांच्या नव्या टी-शर्टावर पडलं. पाण्याला मासळीचा वास होता.

"पावसाला आसंच येनार," काकी वरून म्हणाल्या. "मी काय मुद्दाम नाय केलं."

त्यांनी मुद्दामच केलं होतं. पण आमची बाजू मांडून झाली. नवऱ्याने चौकट काढली, फिरवली, परत बसवली. आता पट्ट्यांची बाहेरची कड खाली, आणि वरच्या पट्टीची खालची कड पुढच्या पट्टीच्या माथ्यावर आलेली. उजेड तरी येतच होता. दुधी काचेला त्याला खेळवत आत घेता येतं, त्याला घसरगुंडी लागत नाही.

आता तपासायचं कोणी, हा प्रश्न होता. गच्ची एकच, आणि तिच्यावर काकी. नवरदेवाची आई पदर खोचून बोळात गेली, वर बघून थोडा वेळ घुटमळली, आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "कोनाला दिसतंय का बगायला पायजे होतं."

"कोनाला म्हनजे?"

"म्हनजे… तुमाला, काकी."

काकींनी एवढ्यावर समेट केला. त्या कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, वाकल्या, टाचा उंचावल्या, एकदा तर खाली बसून कठड्याच्या जाळीतून बघितलं. मग जाहीर केलं, "नुस्ती काच दिसतेय. पांडरी. एकावर एक, कौलांसारकी."

मीही वर जाऊन बघितलं. खरंच, वरून पट्ट्यांची पाठ तेवढी दिसत होती. मग बोळात उतरून वर बघितलं तर पट्ट्यांच्या फटीतून छताचा चुना दिसला. काकी माझ्या मागेच उतरल्या होत्या. आता घरात जायला त्यांना कारण मिळालं होतं. सरळ बाथरूममध्ये शिरून त्यांनी आधी हात ओला केला आणि काचेवर दाबला. गुळगुळीत बाजूवर काहीच झालं नाही. फार निराश झाल्या. नवऱ्याने मग उरलेला एक दुधी तुकडा काढून त्यांना दिला. तो त्या दुपारभर ओला करून बघत होत्या.

मुलीकडची माणसं आली. आई, वडील, मामा आणि ती स्वतः. साधी, उंच मुलगी, चष्मा. बाकीचे बोईसरचं पाणी आणि नवापूरचं पाणी यावर बोलत बसले, ती तेवढी नवरदेवाच्या आईबरोबर मागे आली. दाराशी थांबली. दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवरून परतून दुधी काचेत पसरलं होतं. निळ्या टाइल्सवर सावली म्हणून कुठे नव्हती. तिने वर बघितलं, खाली बघितलं, कोपऱ्यात वाकून बघितलं. झुरळाची जागा शोधत असावी.

"छान आहे," ती म्हणाली. मग हळूच माझ्याकडे वळून, कारण मीच तिथली परकी होते, "आणि संध्याकाळी? बल्ब लावल्यावर?"

लॅबमधली मुलगी. मला उत्तर माहीत होतं असं वाटलं म्हणून मी म्हटलं, "काही दिसत नाही. दुधी आहे ना."

"बघून घेऊ या का?" ती म्हणाली.

म्हणून सगळे संध्याकाळपर्यंत थांबले. चहा झाला, पोहे झाले, तळलेली मांदेली झाली. उजेड उतरला तसे मुलीची आई, नवरदेवाची आई, काकी, मी आणि होणारी सून अशा आम्ही सगळ्या जणी गच्चीवर चढलो. पुरुष खाली बोळात. आत उभं राहायला नवरदेवाच्या वडिलांना पाठवलं. ते जायला तयार नव्हते. होणाऱ्या व्याह्यांसमोर बाथरूममध्ये उभं राहायचं, तेही मुद्दाम लोकांनी बघावं म्हणून, हे त्यांना बरोबर वाटेना. "कपडे घातलेत ना?" एवढं म्हणून गच्चीवर येण्याआधीच बायकोने त्यांना आत ढकललं होतं.

बल्ब लागला. दुधी काच सुंदर उजळली, आणि तिच्यावर नवरदेवाचे वडील उमटले.

चेहरा नव्हता, रंग नव्हता. पण बाकी सगळं होतं. नाक होतं, पोट होतं, डोक्यावरचे उभे केस होते. ते मागच्या भिंतीशी होते तोवर नुसता धुरकट डाग होता. मग ते काय चाललंय हे बघायला काचेजवळ आले आणि कडा अशा स्वच्छ झाल्या की कात्रीने कापून काढावं.

"मागं सरा!" नवरदेवाची आई ओरडली.

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं काहीतरी करून दाखवायला सांगतात. म्हणून त्यांनी टमरेल उचलून डोक्यावर पाणी घेतल्यासारखं केलं. मग काख घासली. मग, शपथेवर सांगते, टॉवेल गुंडाळल्यासारखं करून दाखवलं. मुलीची आई पदर तोंडात धरून मागे वळली. बोळात मुलीचा मामा खोकत होता, आणि तो खोकला नव्हता.

मी कपाळाला हात लावला. बल्ब दाराजवळ, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर होता. माणूस मध्ये आला की त्याची सावली काचेवर पडणारच. दुधी काच माणूस लपवते, पण सावलीला ती पडद्याइतकीच सोयीची. आता यावर उपाय काय सांगावा, जाड पडदा की आणखी एक काच, हा विचार मी करत होते तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे जाते तशीच, न सांगता.

अंधारात आतून आवाज आला, "झालं का? जाऊ का?"

"थांबा!" खालून नवरदेवाच्या सख्ख्या काकाने मोबाईलचा टॉर्च लावला आणि भावाला वाट दिसावी म्हणून बाथरूममध्ये शिरून खिडकीशेजारी त्याच भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात वर करून, टॉर्च आतल्या बाजूला. काच परत उजळली. थोडी मंद, पण सगळीकडे सारखी.

आणि तिच्यावर कोणीच नव्हतं.

"भाऊ गेला काय?" काकींनी विचारलं.

"हाय की हितंच," आतून उत्तर आलं. "आता काय करून दाखवू?"

"काय नको! काय नको!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो.

ते काचेजवळ आले तेव्हा मात्र हलका डाग दिसला, पण तो माणूस की बादली हे सांगता आलं नसतं. होणारी सून माझ्या शेजारीच होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. "सावली मागच्या भिंतीवर पडतेय," ती म्हणाली. मी वरूनच नवऱ्याला ओरडून सांगितलं, "बल्ब इकडे घ्या! खिडकीच्या वर, खिडकीच्याच भिंतीला! दिवा काच आणि माणूस यांच्या मध्ये आला पाहिजे!"

लाईट आल्यावर नवऱ्याने तात्पुरती वायर ओढून बल्ब लूव्हरच्या वर लटकवला. पुन्हा प्रयोग झाला. यावेळी नवरदेवाच्या वडिलांनी नुसतं ताठ उभं राहायचं कबूल केलं. वरून बघितलं तर खिडकी म्हणजे दुधाची थाळी. त्यावर नाक नाही, पोट नाही. काकी थोड्या हिरमुसल्यासारख्या वाटल्या मला, पण म्हणाल्या, "झाक झालं."

खाली उतरताना होणाऱ्या सुनेने सासूच्या खांद्यावर हात ठेवला, जिना अंधारा होता म्हणून असेल. नवरदेवाची आई त्यावर पुढचे कितीतरी दिवस बोलत होती.

लग्न थाटात झालं. आम्हाला बोलावणं होतं. काकी वरमाईच्या बरोबरीने मिरवत होत्या, आणि भेटेल त्याला सांगत होत्या की ह्या घरच्या बाथरूमची काच त्यांनी पास केली. बल्ब कायमचा बसवून घेतला होता, पाण्याच्या थेंबांपासून बचाव म्हणून बंद काचेच्या गोळ्यात. नवरदेवाच्या वडिलांनी तो मला स्वतः नेऊन दाखवला. टमरेलाजवळ मात्र गेले नाहीत.

पावसाळा संपल्यावर एकदा नवरदेवाची आई परत दुकानात आली. यावेळी तिने आधी आरसे बघितले. मग टीपॉयच्या काचेची चौकशी केली. मला काळजी वाटली. दुकान रिकामं झालं तशी ती काउंटरवर वाकली.

"बाय, पट्ट्यांतून दिसत काय नाय. पानी पन् नाय आलं. पन् ऐकू येतं गं."

"काय ऐकू येतं?"

"सून अंघोळीला गेली की काकी गच्चीवर येते. ही आतून बोलते, ती वरून बोलते. आमटीत काय घातलं, कोन काय बोललं, मी काय बोलले, सगळं. अर्धा अर्धा तास. पानी गार होतं, त्यांचं संपत नाय." तिने इकडेतिकडे बघितलं. "बोलनं अडवनारी काच असते का?"

शेडमधून नवरा हात पुसत बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो गंभीरपणे म्हणाला, "असते, मावशी. दोन काचांची, मध्ये मोकळी जागा ठेवून, सगळीकडून बंद. पण मग वाफ कुठून जाणार? एक्झॉस्ट फॅन लावावा लागेल, त्याला भोक पाडावं लागेल, आणि त्या भोकातून परत ऐकू येईल."

तिने यावर बराच विचार केला. मी चहा मागवला. तो बशीत ओतून ती सावकाश प्यायली.

"आनि मी पन् तिथंच जाऊन बोलले तर?" तिने विचारलं.

"कोणाशी?"

"कोनाशी पन्. काकीशी, सुनेशी. मी बोळात उबी राहते."

"बोळात उभं राहिलात तर छत दिसेल फक्त," मी म्हटलं.

"मला काय बगायचंय!" ती फणकारली, आणि आमच्यासाठी आणलेली मासळीची पिशवी काउंटरवर ठेवून रिक्षा थांबवायला गेली. पिशवीत काकींच्या गच्चीवरचा सुका जवळा होता.